वडिलांच्या जुन्या ठेवी शोधायलोय – उद्गमवर एक सापडली, दुसरी सापडंना. कागद काय काय लागतील?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा जिल्हा परिषदेचे शिक्षक. 2006 ला वसमतहून निवृत्त झाले, 2019 च्या दिवाळीनंतर गेले. पैशाचं कधी कुणाला सांगितलं नाही. आईला विचारलं तर म्हणती, "मला फक्त पेन्शनचं पासबुक ठाऊक."

मागच्या महिन्यात माळवदावरची पत्र्याची पेटी उघडली. वरती सेवापुस्तिकेच्या झेरॉक्स, खाली दोन पासबुकं. एक सेलूचं, अण्णा तिथं 1988 ते 95 नोकरीला होते तेव्हाचं. दुसरं वसमतचं. वसमतच्या पासबुकात 2009 साली 75,000 नावे टाकलेत आणि पुढं नुसतं "एसटीडीआर" छापलंय, म्हणजे मुदत ठेव. पावती काही सापडली नाही. दोन्ही शाखा ज्या बँकेच्या होत्या ती बँक आता दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झालीय. बँकेचं नाव इथं लिहीत नाही, उगं वाद नको.

शाखेत गेलो तर काउंटरवरच्या पोरानं पासबुक उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "हा खाते क्रमांक आमच्याकडं येतच नाही." आता पुढं काय करावं? अण्णांचं पॅन कार्ड काढलेलंच नव्हतं.

सेलूकर

राव, दहा वर्षं झाली असतील तर विसरा. दहा वर्षांनी पैसा सरकारजमा होतो. आमच्या चुलत्याचं असंच झालं.

निवृत्त_कॅशियर

सेलूकर, सरकारजमा नाही होत. दहा वर्षं व्यवहार नसलेली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत पाठवते. 2014 पासून ही पद्धत आहे. पण ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क तसाच राहतो, मुदत कसलीच नाही. पैसे मागायचे ते आपल्या बँकेकडंच. बँक आपल्याला देते आणि मग निधीतून वसूल करते. रिझर्व्ह बँकेला पत्रं लिहीत बसू नका. चुलत्यांचा पैसाही तिथंच असंल, बघा.

गोदाकाठ, एकेक करून घेऊ. आधी मला सांगा, udgam.rbi.org.in वर शोधलं का? शोधलं तर नाव कसं टाकलं?

गोदाकाठ

शोधलं. मोबाईल नंबर टाकून नोंदणी केली, ओटीपी आला. Vitthalrao टाकलं, जन्मतारीख टाकली. काहीच आलं नाही.

उदगीरची_माय

वसमतच्या खात्यासाठी उदगीरला कशाला जायचं? आमच्या इथल्या शाखेत तर माणसंच कमी हायेत.

गोदाकाठ

ताई, उदगीर नाही, उद्गम. वेबसाइट आहे 🙂

उदगीरची_माय

हात्तिच्या! चष्मा लावते आता.

निवृत्त_कॅशियर

तुमची जन्मतारीखच आडवी आली असणार. 88 साली खातं उघडताना जन्मतारीख कोण लिहीत होतं? शाळेचं पत्र, दोन साक्षीदार, झालं खातं. पुढं संगणकावर चढवताना ते रकाने रिकामे राहिले, नाहीतर कुणीतरी 1 जानेवारी ठोकून दिली. तिथं खरी जन्मतारीख टाकली की खातं जुळतच नाही. त्यापेक्षा नाव, बँक आणि पत्ता यांवर शोधा. पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट, जन्मतारीख यातलं काहीच नसंल तर पत्त्यावर शोधायची सोय आहे. पत्त्यात सगळी ओळ नका लिहू, नुसतं Selu टाका. नाही आलं तर Sailu टाका, रेल्वे स्टेशनवर तसंच लिहायचे. आणि बँक निवडताना आजची बँक निवडा, जुन्या नावाची नाही.

नावाचं म्हणाल तर Vithal, Vitthal, Vithalrao, Vithal Rao, आधी आडनाव मग नाव, असं सगळं करून बघा. आमच्याकडं लेजरवरून नावं चढवली ती बाहेरून आणलेल्या पोरांनी, त्यांना 'ठ्ठ' कसा लिहायचा ते कुठं ठाऊक. मी स्वतः एका 'ज्ञानोबा'ची सहा स्पेलिंगं पाहिलीत.

परभणी_ते_पुणे

यात एक भर घालतो. मराठवाड्यात गोंधळ व्हायचं मोठं कारण म्हणजे इथं स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या शाखा खूप होत्या आणि ती बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली. ग्रामीण बँकांचंही तेच, जुन्या मराठवाडा ग्रामीण बँकेचं पासबुक असेल तर आज महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विचारायचं. पुढं देना बँक बडोद्यात गेली, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा युनियनमध्ये. वडिलांच्या पेटीत ज्या नावाचा कागद आहे त्या नावाची बँक आज नसेलच, असं धरूनच निघायचं.

गोदाकाठ

कॅशियरसाहेब, मानलं तुम्हाला! Vithal आणि पत्त्यात Sailu टाकलं आणि आलं. नाव अर्धवट, पत्ता "c/o ZP School" एवढाच. पुढं एक यूडीआरएन नंबर दिलाय. रक्कम मात्र दाखवत नाही.

पण वसमतची 75,000 ची ठेव कशीही शोधली तरी येत नाही.

निवृत्त_कॅशियर

रक्कम दाखवत नाहीत, बरोबर आहे. नाहीतर गावातले सगळे वारस उद्याच उभे राहिले असते. तो यूडीआरएन लिहून ठेवा, स्क्रीनचा फोटो काढा. शाखेला आता "आमच्याकडं येत नाही" म्हणता येणार नाही, कारण त्या नंबरावरून खातं बँकेलाच शोधायचंय.

आता वसमतच्या ठेवीचं. ती उद्गमवर न दिसणं ही उलट बरी खूण असू शकते. नीट वाचा. उद्गमवर फक्त निधीत गेलेला पैसा दिसतो. मुदत ठेवीची दहा वर्षं मोजतात ती ठेव ठेवल्यापासून नाही, मुदत संपल्यापासून. 2009 ला पाच वर्षांसाठी ठेवली असंल तर 2014 ला मुदत संपली आणि 2024 ला दहा वर्षं झाली, म्हणजे आतापर्यंत दिसायला हवी. पण काही बँकांत मुदत संपली की ठेव आपोआप पुढं नव्यानं ठेवली जायची. तसं झालं असंल तर ती अजून शाखेच्याच पुस्तकात आहे. आणि 2009 नंतर अण्णांनी ती मोडून पैसे घेतले असतील, हीपण शक्यता धरा. वसमतच्या पासबुकात 2014 च्या सुमाराला मोठी रक्कम जमा झालेली दिसती का?

गोदाकाठ

पासबुकात शेवटची नोंद मार्च 2012 ची आहे. त्यापुढं छापलेलंच नाही.

निवृत्त_कॅशियर

मग शाखेला लेखी अर्ज द्या. तोंडी नको. अर्जात अण्णांचं नाव सगळ्या स्पेलिंगांत, जुना खाते क्रमांक, 2009 ची ती तारीख आणि रक्कम, आणि "या ग्राहकाच्या नावे ग्राहक क्रमांकावरून सर्व खाती व ठेवी शोधून द्याव्यात" हे वाक्य. सोबत मृत्यू प्रमाणपत्र, तुमचं आधार आणि पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. विलीनीकरणात खाते क्रमांक बदलले असतील, पण नवा नंबर जुन्याशी जोडलेला असतो. काउंटरवरच्या पोराला ते माहीत नसंल, सर्व्हिस मॅनेजरला असतं.

मोंढ्यातला_हिशेब

ज्यांच्या वडिलांचं पॅन होतं त्यांनी आणखी एक ठिकाण बघा. आयकराच्या वेबसाइटवर वारस म्हणून नोंदणी केली की मयताचं 26एएस उघडता येतं. कुठल्या बँकेनं व्याजावर टीडीएस कापला ते त्यात येतं. माझ्या सासऱ्यांची जालन्यातली एक ठेव अशीच सापडली, कुणाला गंधही नव्हता. गोदाकाठच्या अण्णांचं पॅनच नाही म्हणल्यावर त्यांना उपयोग नाही.

बीडची_ऋतुजा

मी बाबांच्या नावानं उद्गमवर चार वेळा शोधलं. काही नाही. बाबांनी मल्टिस्टेटमध्ये सात लाख ठेवले होते, मूळ पावत्या माझ्याकडं आहेत. संस्थेला कुलूप लागलंय. उद्गमवर कधी दिसेल?

निवृत्त_कॅशियर

ऋतुजाताई, कधीच नाही दिसणार. उद्गम बँकांचं आहे. पतसंस्था, मल्टिस्टेट, पोस्ट, विमा यातलं काही त्यात येत नाही. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमाही नसतो. तुमच्या संस्थेवर अवसायक नेमला असेल तर मूळ पावत्यांच्या आधारे त्यांच्याकडं दावा दाखल करावा लागंल, आणि पावत्या मूळ द्यायच्या नाहीत, दाखवायच्या. नागरी सहकारी बँकेचा परवाना गेला असता तर गोष्ट वेगळी होती, तिथं 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे.

बीडची_ऋतुजा

म्हणजे आमच्यासारख्यांचं काहीच नाही. बरं. आमच्या गल्लीतच आठ घरं आहेत अशी.

सेलूकर

गोदाकाठ, मिळाली ठेव तरी नॉमिनी नसेल तर कोर्टाचं वारस प्रमाणपत्र लागतंच. नाहीतर तलाठ्याकडून वारस फेरफार करून घ्या, 6-क ला नोंद असली की बँक गप पैसे देते. 100 च्या स्टॅम्पवर शपथपत्र, झालं.

ॲड_लातूर

सेलूकर, तुमच्या तिन्ही वाक्यांत थोडं थोडं चुकलंय.

6-क ची वारस नोंद जमिनीसाठी आहे. सातबाऱ्यावर नाव चढवायला ती चालते, बँकेतल्या ठेवीचा हक्क त्यानं ठरत नाही. कुटुंबात कोण कोण आहे हे दाखवायला सोबत जोडा हवं तर. शपथपत्राचा स्टॅम्प ऑक्टोबर 2024 पासून 500 चा झालाय, 100 वर केलं तर परत करतील.

आणि कोर्ट दरवेळी लागत नाही. रिझर्व्ह बँकेनं 26 सप्टेंबर 2025 ला मयत ग्राहकांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले, बँकांनी ते 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायचे होते. नॉमिनी नसला तरी सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत किमान 15 लाखांपर्यंतचा दावा साध्या पद्धतीनं निकाली काढायचा. दावा अर्ज, मृत्यू प्रमाणपत्र, दावेदारांची ओळखपत्रं, नुकसानभरपाईचं हमीपत्र, जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र. वारस कोण हे दाखवायला सक्षम अधिकाऱ्याचं वारस प्रमाणपत्र, किंवा ते नसेल तर कुटुंबाला चांगला ओळखणारा पण नात्यात नसलेला, बँकेला मान्य असा माणूस लिहून देतो ते घोषणापत्र. वारसांत भांडण असेल तर मात्र दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावं लागतं, आणि त्याला नोटीस, पेपरातली जाहिरात धरून महिने जातात.

गोदाकाठ, वारस कोण कोण आहेत?

गोदाकाठ

आई, मी, धाकटा भाऊ आणि बहीण. बहीण लातूरला दिली आहे. तिचं म्हणणं, "आधी शेताच्या हक्कसोडीचं काय ते सांगा, मग सही करते."

अंबाजोगाईची_लेक

बरोबर आहे तिचं! इतक्या वर्षांत बहिणीला राखीला साडी आणि सहीला हक्कसोड. बँकेच्या कागदाच्या आडून जमिनीची सही घेतलेली मी डोळ्यानं पाहिलीय.

ॲड_लातूर

म्हणून दोन्ही कागद वेगळे ठेवा. बँकेला लागतं ते फक्त त्या ठेवीपुरतं ना-हरकत. नोंदणीकृत हक्कसोडपत्र बँकेला लागत नाही, आणि तुमच्या वकिलानं तसं सांगितलं तर का ते विचारा. याहून सोपं म्हणजे ना-हरकतीचा प्रश्नच काढून टाका. बहिणीलाही दावेदार करा, चौघांनी मिळून अर्ज करा आणि बँकेला चौघांच्या खात्यात वाटून द्यायला सांगा. तिला सोडायला सांगता म्हणून ती अडून बसलीय.

अजून एक विचारतो, राग मानू नका. अण्णा गेले तेव्हा त्यांची आई हयात होती का?

गोदाकाठ

हो, आजी होती. 2022 ला गेली. का बरं?

ॲड_लातूर

मग वारस चार नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलाच्या मागं त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. 2019 ला अण्णांच्या ठेवीत आजीचा पाचवा हिस्सा आला, आणि आजी गेल्यावर त्या हिश्शात तुमचे चुलते आणि आत्यासुद्धा आले. तुम्हीही आलात अण्णांच्या जागी, पण एकटे नाही. हमीपत्रात "आम्हीच सर्व वारस" असं लिहून सही करताना हे लक्षात असू द्या. बहुतेक शाखा हे विचारत नाहीत. विचारलं नाही म्हणून खोटं लिहायचं का, ते तुम्ही ठरवा.

गोदाकाठ

आत्या चार आहेत साहेब. एक निझामाबादला.

सेलूकर

75,000 साठी निझामाबाद! भाड्यातच जातील.

निवृत्त_कॅशियर

थांबा थांबा. त्याआधी नॉमिनेशन बघा. पासबुकावर नॉमिनी छापलेला नाही म्हणजे नॉमिनी नाहीच, असं नसतं. 88 ते 2000 च्या काळातलं नॉमिनेशन डीए-1 फॉर्मवर आणि रजिस्टरात असायचं. संगणक आला तेव्हा शिल्लक चढवली, नॉमिनेशन चढवायचं राहिलं, हे आमच्याच हातून झालंय. अर्जात लिहा की मूळ खाते उघडण्याचा फॉर्म आणि डीए-1 तपासावा. आईचं नाव निघालं तर मृत्यू प्रमाणपत्र, दावा अर्ज आणि आईचं ओळखपत्र एवढ्यावर पैसे मिळतात. हमीपत्र नाही, ना-हरकत नाही.

ॲड_लातूर

मिळतात ते सगळ्या वारसांच्या वतीनं. नॉमिनी मालक होत नाही.

निवृत्त_कॅशियर

मान्य. पण बँकेच्या दारातून तर बाहेर येतात. पुढचं घरात बसून.

मोंढ्यातला_हिशेब

सेलूच्या खात्यावर व्याज किती धरायचं? माझ्याही आईचं असं एक खातं आहे.

निवृत्त_कॅशियर

फार आशा ठेवू नका. निधीत गेल्यावर सरळ व्याज मिळतं, चक्रवाढ नाही. समजा 2014 च्या मध्याला 20,000 निधीत गेले. जून 2018 पर्यंत 4 टक्के, म्हणजे 3,200. तिथून 10 मे 2021 पर्यंत साडेतीन टक्के, साधारण 2,000. त्यापुढं 3 टक्के, वर्षाला 600, पाच वर्षांचे 3,000. आज 28,200 च्या आसपास हातात येतील. आणि कुणी एजंट 20 टक्क्यांवर काढून देतो म्हणाला तर हाकलून द्या, उद्गमवर शोधायला एक पैसा लागत नाही.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी आलोय, आत्तापर्यंत झालं ते लिहितो.

वसमतची ठेव सापडली. आपोआप पुढं पुढं गेली होती, अजून शाखेतच आहे. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवली, नॉमिनीच्या रकान्यात काही नाही. पावती हरवल्याचं हमीपत्रात लिहून द्या म्हणाले, चालतंय. अण्णांच्या नावाचा घोळ तिथंही निघाला. मृत्यू प्रमाणपत्रावर विठ्ठलराव, ठेवीवर Vithal. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र 500 च्या स्टॅम्पवर केलं, सोबत सेवापुस्तिकेचं पहिलं पान जोडलं. त्या पानावर अण्णांची दोन्ही नावं आणि सही आहे, पेटीतल्या झेरॉक्सा कामाला आल्या.

सेलूच्या खात्याचे जुने फॉर्म शाखेत नाहीत, नांदेडच्या गोदामात असतील म्हणतात. अर्ज दिलाय, आवक शिक्का घेतलाय.

बहीण चौघांच्या अर्जावर सही करते म्हणाली, स्वतःचं खातं नंबरासकट पाठवलं. शेताचं नंतर.

निवृत्त_कॅशियर

छान. सगळे कागद दिल्याची तारीख कुठंतरी लिहून ठेवा. तिथून 15 दिवसांत निकाल लावायचा आहे. बँकेमुळं उशीर झाला तर बँक रेटवर 4 टक्के जादा धरून व्याज द्यावं लागतं. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडं. आत्यांचं काय केलं?

गोदाकाठ

तीन आत्यांना फोन केला. थोरली म्हणाली, "अण्णाचा पैसा मला नको, पण विचारलंस हे बरं केलंस." दोघी म्हणाल्या मुलांना विचारून सांगतो. निझामाबादच्या आत्याचा नंबर लागत नाही. चुलत्यांना अजून बोललो नाही, त्यांचं आमचं बांधावरून बंद आहे.

ॲड_लातूर

मग हमीपत्रावर सही करायची थांबा. चुलत्यांशी बोलणं होईपर्यंत सेलूचा डीए-1 निघतो का ते बघा. आणि वसमतच्या ठेवीचा मूळ अर्जसुद्धा मागा. स्क्रीनवर रकाना रिकामा आहे, कागदावरही रिकामाच असेल असं नाही.

गोदाकाठ

हे सुचलंच नाही. सोमवारी जातो.

उदगीरची_माय

मी पण शोधलं बरं का, चष्मा लावून. आमच्या मालकांचं काही नाही निघालं. पण सासऱ्यांच्या नावाचं एक निघालंय, पत्ता "Udgir, Dist. Osmanabad" लिहिलाय. आमचा लातूर जिल्हा तर 1982 ला झाला. हे खातं त्याच्याही आधीचं का मग?